मराठी व्हॉइस नोटवरून आडत्याला हिंदी मेसेज कसा लिहावा

सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार माल दिल्लीच्या आजादपूर मंडईत पाठवतात, तेव्हा तिथे माल विकून देणाऱ्या आडत्याशी सगळा व्यवहार हिंदीत चालतो. फोनवर मोडकंतोडकं हिंदी खपून जातं. पण पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, काही चुकलं आणि लेखी विचारायची वेळ आली की काका-मामा घरातल्या शिकलेल्या पोराला व्हॉइस नोट पाठवतात: "हे जरा हिंदीत लिहून त्याला पाठव." नोट मराठीत, बोलत बोलत केलेली, आणि त्यात अर्धं बोलणं पुतण्या-भाच्याशी तर अर्धं आडत्याशी. फोनने तिचा मजकूर उतरवून दिला तरी तो तसाच हिंदी करून पाठवण्याच्या लायकीचा नसतो. गावातल्या अनेकांचे असे मेसेज मी लिहून देतो. त्यातलीच मामांची एक नोट इथे पूर्ण सोडवून दाखवतो. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

फोनने उतरवलेला मजकूर असा होता. विरामचिन्ह एकही नाही, आणि ते तसंच ठेवलं आहे:

"हां ऐक ना ते आपलं दिल्लीवाल्याला जरा हिंदीत लिहून पाठव बरं का म्हणजे मीच बोललो असतो पण तो फोनच उचलत नाही दोनदा लावला मंगळवारी आपण गाडी भरली का नाही तर त्यात दोनशे चाळीस क्रेट दोनशे वीस क्रेट आपले होते आणि ते काय म्हणतात ते बिल्टी बिल्टी आहे माझ्याकडं तर परवा पट्टी आली त्याची पट्टीत दोनशे पाचच दाखवलेत दोनशे पाच म्हणजे पंधरा क्रेट गेले कुठं मला वाटतं उतरवताना खाली राहिले असतील गोडाऊनला बहुतेक म्हणजे नक्की नाही माहीत आणि भाव पण बघ शुक्रवारी सकाळी पंच्याण्णव म्हणाला आणि लावलाय ब्याऐंशी जाऊ दे भावाचं बाजार आहे तो आणि हमाली बघ हमाली दोनशे वीसची कापली आणि माल दोनशे पाचचा हे कसं काय आपण ठरवलं होतं की पट्टी क्रेट मोजूनच बनवायची ते सांग त्याला आणि मागच्या गाडीचे रिकामे क्रेट पण राहिलेत तशी माझी तक्रार नाही माणूस चांगला आहे दहा वर्षं माल टाकतोय पण हिशोब म्हणजे हिशोब सोमवारपर्यंत नाही मंगळवार चालेल मंगळवारपर्यंत कळव म्हणावं गुरुवारी पुढची गाडी भरायचीय नाहीतर दुसरीकडं टाकतो म्हणावं तसं नको लिहू तू बघ कसं ते मामीचे गुडघे पण दुखतायत डॉक्टरकडं न्यायचंय हां एवढं लिही"

आधी ऐका, मग वाचा

मजकूर समोर आहे म्हणून ऑडिओ ऐकायचा कंटाळा करू नका. कागदावर सगळे शब्द एका उंचीचे दिसतात, आवाजात तसं नसतं. "सोमवारपर्यंत नाही मंगळवार चालेल" ह्या ओळीत "नाही" नंतर थांबा आहे की आधी, हे फक्त ऐकूनच कळतं. मामा "सोमवारपर्यंत" म्हणून थांबले आणि मग "नाही, मंगळवार चालेल" म्हणाले, म्हणजे मुदत मंगळवारची. "तसं नको लिहू" हे तर ते आवाज खाली आणून म्हणाले, आणि ते त्याच्या आधीच्या वाक्याबद्दल आहे. नुसतं वाचून हे कळलं नसतं.

पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने ऐका आणि काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून ऐका आणि प्रत्येक आकडा, वार आणि "नाही" ह्यांच्याखाली रेघ ओढा. फोनने उतरवलेल्या मराठीत चुका होतात त्या मुख्यतः ह्याच तीन ठिकाणी. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे असे आकडे मोडून पडतात, "नाही" गायब होतं किंवा भलत्या वाक्याला चिकटतं. आकडा ऐकू येत नसेल तर अंदाजाने भरू नका, तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.

कोणते शब्द काढायचे, कोणते नाही

"हां", "ऐक ना", "ते आपलं", "बरं का", "ते काय म्हणतात" हे निव्वळ श्वास घ्यायचे शब्द आहेत, ते गेले तरी काही बिघडत नाही. पण भरणीच्या शब्दासारखे दिसणारे काही शब्द भार वाहत असतात. "बहुतेक" आणि "नक्की नाही माहीत" हे काढलंत तर मामांचा अंदाज आरोप होतो: "तुमच्या गोडाऊनला माझे पंधरा क्रेट पडलेत." मामा असं म्हणालेच नाहीत. "दोनशे पाचच" मधला "च" तसाच. तो काढला तर नुसता आकडा उरतो, तक्रारीचं मूळ जातं. "मोजूनच" मधल्या "च"चंही तेच. "म्हणजे" मात्र प्रत्येक वेळी तपासा. "बरं का म्हणजे मीच बोललो असतो" इथे तो रिकामा आहे, पण "दोनशे पाच म्हणजे पंधरा क्रेट गेले कुठं" इथे तो वजाबाकी करतोय.

पुनरुक्तीतही फरक करा. "बिल्टी बिल्टी" ही वाहतुकीच्या पावतीचा शब्द शोधतानाची अडखळ आहे, एक ठेवा. "हमाली बघ हमाली" हा जोर आहे. म्हणजे त्यांच्या मनात ही गोष्ट मोठी आहे, तेव्हा मेसेजमध्ये तिला वरची जागा द्या. सगळ्यात सावध राहायचं ते तिसऱ्या प्रकारात, जिथे तीच गोष्ट दुसऱ्यांदा वेगळ्या आकड्यासह येते. "दोनशे चाळीस क्रेट दोनशे वीस क्रेट आपले होते." बोलणारा स्वतःला दुरुस्त करतोय असं वाटतं, आणि बहुतेक वेळा शेवटचा आकडाच खरा असतो. इथे तो नियम लावून 240 पुसून टाकला असता तर मेसेज तोंडघशी पडला असता. कारण पुढे येतंच.

मराठीतच मुद्दे काढा

हिंदीकडे जायच्या आधी मुद्दे मराठीत, छोट्या वाक्यांत लिहून काढा. ही पायरी गाळायचा मोह सगळ्यात जास्त होतो, आणि मेसेज बिघडतो तो बहुतेक इथेच. बोललेल्या वाक्यावरून थेट हिंदी वाक्य करायला गेलं की बोलण्याचा क्रम तसाच राहतो, आणि बोलण्याचा क्रम हा आठवण्याचा क्रम असतो. वाचणाऱ्याला तो उपयोगाचा नसतो.

प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न विचारतो: हे आडत्यासाठी आहे, माझ्यासाठी आहे, की मामा स्वतःशीच बोलतायत? फोन उचलत नाही, तसं लिहू नको, तू बघ कसं ते, हे सगळं माझ्यासाठी. मामींचे गुडघे घरचे, ते मेसेजात जात नाहीत, पण मामांना वेगळा फोन करून विचारायचं. भावाचं त्यांनी स्वतःच "जाऊ दे" म्हणून सोडून दिलं. पंच्याण्णव आणि ब्याऐंशीचा फरक आपल्याला कितीही खुपला तरी तो लिहायचा नाही. लिहिणाऱ्याने बोलणाऱ्याचं भांडण वाढवू नये. शिवाय भावाचा विषय काढला की आडत्या उत्तर भावावर देईल, आणि क्रेटचं तसंच राहील.

रिकाम्या क्रेटचा मुद्दा खरा आहे आणि आडत्यासाठीच आहे, तरी मी तो ह्या मेसेजातून काढला आणि दुसऱ्या दिवशी वेगळा पाठवायचं ठरवलं. एका मेसेजात दोन मागण्या आल्या की सोप्या मागणीचं उत्तर येतं, "क्रेट अगली गाड़ी में भेज देंगे", आणि अवघड मागणी हवेत राहते. इथे दोन्हीकडे "क्रेट" हाच शब्द असल्याने गोंधळाला आणखी वाव होता.

उरलं ते असं. मंगळवारी गाडी भरली, त्यात आमचे 220 क्रेट. पट्टीत 205. हमाली 220ची कापली. क्रेट मोजून पट्टी करायचं ठरलं होतं. पंधरा क्रेट कदाचित गोडाऊनला राहिले असतील. मंगळवारपर्यंत कळवा. गुरुवारी पुढची गाडी आहे.

आता ह्यातली सगळ्यात भक्कम गोष्ट शोधा. ती हमाली आहे. आडत्याने स्वतःच 220 क्रेटची हमाली कापली, म्हणजे 220 क्रेट त्याच्याकडे उतरले हे त्याच्याच कागदावर आहे. "पंधरा क्रेट गेले कुठं" ह्यावर तो म्हणू शकतो की आलेच नाहीत. हमालीच्या आकड्यावर तसं म्हणता येत नाही. मामांनी हे मधेच, भावाच्या रागात सांगून टाकलं होतं. लेखी मेसेजात ते दुसऱ्याच वाक्यात हवं.

एक फोन, तीन प्रश्न

मुद्दे काढले की शंका आपोआप दिसतात. त्या सगळ्या साठवून एकदाच फोन करा, दर दहा मिनिटांनी नको. मी विचारलं: 240 की 220? परवा म्हणजे कोणता वार? आणि दुसरीकडे माल टाकायचं लिहायचं का?

पहिल्याचं उत्तर महत्त्वाचं निघालं. गाडीत 240 क्रेट होते, बिल्टीही 240ची. त्यातले 20 शेजाऱ्याचे, त्याची पट्टी वेगळी आली आणि ती बरोबर होती. म्हणजे दोन्ही आकडे खरे. मेसेजात नुसतं 220 लिहून सोबत 240च्या बिल्टीचा फोटो जोडला असता, तर आडत्याने पहिला प्रश्न हाच केला असता आणि दोन दिवस त्यातच गेले असते. म्हणून तो खुलासा एका ओळीत हवाच.

नोट रविवारची, 7 डिसेंबर 2025ची. "परवा" म्हणजे शुक्रवार, 5 तारीख. मराठीत "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही, हिंदीत "परसों"चं तेच आहे, आणि "कल" तर त्याहून घोळाचा. लेखी मेसेजात ह्यातला एकही शब्द वापरू नका. वार आणि तारीख दोन्ही लिहा, कारण एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. त्यासाठी कॅलेंडर उघडून जुळवून बघा: गाडी मंगळवार 2, पट्टी शुक्रवार 5, मुदत मंगळवार 9, पुढची गाडी गुरुवार 11.

तिसऱ्यावर मामा म्हणाले, "दुसऱ्याचं नावच काढू नको. फक्त गाडी भरायच्या आधी कळव म्हणावं." इशारा द्यायचा की नाही हे नेहमी बोलणाऱ्यालाच ठरवू द्या. व्यवहार त्यांचा आहे.

कोण कोणाशी बोलतोय ते बदला

नोटमध्ये मामा माझ्याशी बोलतायत, आडत्या "तो" आहे. मेसेजात मामा आडत्याशी बोलणार. म्हणजे "त्याची पट्टी"चं "आपका हिसाब" होणार, "कळव म्हणावं"चं "बता दीजिए". मेसेज मामांच्याच फोनवरून जाणार असेल तर तो "मैं" ने लिहा. तुमच्या फोनवरून पाठवत असाल तर पहिल्याच ओळीत कोणाच्या वतीने ते सांगा, नाहीतर आडत्या विचारेल की तू कोण. मधेच "मैं", मधेच "मामाजी" असं होऊ देऊ नका.

संबोधन मामांनाच विचारा. फोनवर ते त्याला "भाई साहब" म्हणतात, तर मेसेजातही तेच. एकदम "महोदय" लिहिलंत तर दहा वर्षांच्या ओळखीत तो वकिलाच्या नोटिशीसारखा लागतो.

हिंदीत जाताना पाय घसरतो तो इथे

मराठी आणि हिंदीची लिपी एक, बरेच शब्द एक, म्हणून आपण बेसावध असतो. ह्या एका नोटेत चार जागा धोक्याच्या होत्या.

पहिली "खाली". "उतरवताना खाली राहिले असतील" ह्याचं घाईत "उतारते समय खाली रह गए होंगे" असं झालं की हिंदी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ "रिकामे राहिले असतील" असा लागतो. भरलेल्या पंधरा क्रेटचा वाद चालू असताना आपणच त्यांना रिकामे ठरवून बसतो! "खाली" गाळा आणि "गोदाम में रह गए हों" लिहा. जागा सांगायचीच तर "नीचे".

दुसरी "आपण". "आपण ठरवलं होतं" मधला "आपण" म्हणजे मामा आणि आडत्या दोघं. "आपने तय किया था" लिहिलं तर ठरवलं ते एकट्या आडत्याने, असं होतं. "हमारी बात हुई थी" हे बरोबर. आणि नोटेच्या सुरुवातीच्या "आपण गाडी भरली" मध्ये आडत्याचा संबंधच नाही. तिथे "आपण" म्हणजे घरचे लोक.

तिसरी "तक्रार". हिंदीत "तकरार" म्हणजे भांडण, बाचाबाची. मामांना म्हणायचंय ते "शिकायत".

चौथी "पट्टी". आपल्याकडे विक्रीच्या हिशोबाचा कागद म्हणजे पट्टी. तुमचा आडत्या तोच शब्द वापरत असेल तर ठेवा, नाहीतर "हिसाब" किंवा "हिसाब का पर्चा" लिहा. त्याने आधी पाठवलेल्या मेसेजांत तो काय लिहितो ते बघून घेणं सगळ्यात उत्तम. "बिल्टी", "हमाली", "भाड़ा" हे मात्र दोन्हीकडे चालतात.

आकडे अंकातच लिहा. मराठीतला "ब्याऐंशी" हिंदीत "बयासी" होतो, आणि एकोणसाठ-उनसठ असल्या जोड्यांत चूक व्हायला वेळ लागत नाही. अंकात तो प्रश्नच येत नाही. लिहून झाल्यावर हिंदीतली लिंगं एकदा तपासा: "हमाली कटी है", "बिल्टी 240 क्रेट की है", पण "हिसाब आ चुका है".

तयार मेसेज

"नमस्ते भाई साहब। मंगलवार 2 दिसंबर की गाड़ी में मेरे 220 क्रेट थे। शुक्रवार 5 दिसंबर को आए हिसाब में बिक्री 205 क्रेट की ही है, जबकि हमाली 220 क्रेट की कटी है। 15 क्रेट का फ़र्क आ रहा है।

बिल्टी 240 क्रेट की है। उसमें 20 क्रेट मेरे पड़ोसी के थे, उनका हिसाब अलग से सही आ चुका है। बिल्टी और हिसाब, दोनों की फ़ोटो साथ में है।

हमारी बात हुई थी कि हिसाब क्रेट गिनकर ही बनेगा। पक्का नहीं कह सकता, पर हो सकता है 15 क्रेट गोदाम में रह गए हों। कृपया देखकर मंगलवार 9 दिसंबर तक बता दीजिए और हिसाब ठीक करके भेज दीजिए। गुरुवार 11 दिसंबर को अगली गाड़ी भरनी है, उससे पहले बात साफ़ हो जाए।

दस साल से आपके यहाँ माल भेज रहा हूँ, कोई शिकायत नहीं है। बस हिसाब हिसाब है।"

शेवटची ओळ ठेवायची की नाही ह्यावर मी थोडा थांबलो. कामाच्या दृष्टीने ती लागत नाही. पण मामा जसे आहेत तसे त्या ओळीत आहेत, आणि दोनशे वीस-दोनशे पाचच्या आकड्यांनंतर आडत्याला ती वाचायला मिळाली तर तो फोन उचलायची शक्यता वाढते. नोटेत ते जे म्हणाले तेवढंच तीत आहे, माझ्या पदरची भर नाही. मेसेज गुळगुळीत करण्याच्या नादात बोलणाऱ्याचा आवाज पुसला जातो, म्हणून असं त्यांचंच एखादं वाक्य जपून ठेवत जा.

पाठवण्याआधी

मेसेज समोर ठेवून मूळ ऑडिओ पुन्हा एकदा ऐका. ह्या वेळी उलट दिशेने तपासा: मेसेजातलं प्रत्येक वाक्य नोटेत किंवा फोनवरच्या उत्तरात सापडतं का? सापडत नसेल तर ते तुम्ही घातलंय, काढून टाका. "नुकसान हुआ है", "तुरंत", "कई बार फ़ोन किया" असले शब्द हिंदी तक्रारीच्या ओघात आपोआप येतात. मामांनी फोन दोनदा लावला होता. दोनदा म्हणजे कई बार नव्हे.

मग तो मेसेज मामांना मराठीत वाचून दाखवा. हिंदी वाचून दाखवलंत तर ते "हां, बरोबर आहे" म्हणून मोकळे होतील, कारण अर्धं समजतं आणि पोराने लिहिलंय ह्यावर भरवसा असतो. मराठीत ऐकलं की ते बरोबर बोट ठेवतात. ह्या मेसेजात त्यांनी एकच बदल सुचवला: आधी मी "हिसाब ठीक करके पैसे भेज दीजिए" लिहिलं होतं, ते म्हणाले, "पैसे नको म्हणू अजून. आधी क्रेट कबूल करू दे." म्हणून वरच्या मेसेजात "पैसे" नाही.

फोटो पाठवताना बिल्टीवरची तारीख आणि क्रेटचा आकडा स्पष्ट दिसतोय ना, ते मोठं करून बघा. आधी मेसेज जाऊ द्या, त्यामागोमाग दोन्ही फोटो. मूळ व्हॉइस नोट पुसू नका, आणि ती चुकूनही आडत्याला पुढे ढकलू नका. त्यात भावावरचा राग आहे आणि "दुसरीकडं टाकतो" पण आहे.

आडत्याचं उत्तर बहुतेक हिंदी व्हॉइस नोटनेच येतं. ते मामांना सांगताना हेच सगळं उलट्या बाजूने करायचं, फक्त एक भर घालून: त्याने दिलेला आकडा आणि तारीख त्याला लेखी परत पाठवायची. "15 क्रेट मिल गए, 10 दिसंबर तक नया हिसाब, ठीक है ना?" एवढंच. त्यावर त्याचा "जी" आला की मग मामांना फोन करा.